वेग तोच, माणूस थकलेला

कस्टमर सपोर्टमध्ये तिकिटांची रांग कधीच संपत नाही, त्यामुळे दमणं रोजचंच. पण तक्रार पुरती न वाचताच ठरलेलं उत्तर चिकटवलं जातं, ग्राहकाचाच राग येतो, बंद केलेली तिकिटं पुन्हा उघडतात, तेव्हा बर्नआउटची शंका घ्यावी. गंमत म्हणजे तासाला निपटलेल्या तिकिटांचा आकडा तसाच राहतो, म्हणून टीम लीडला पत्ता लागत नाही.

साप्ताहिक सुटीनंतरही दोनेक आठवडे हेच चाललं, तर माझ्या मते बोलावं. शिफ्टच्या गर्दीत नव्हे, वेगळी वेळ मागून. नुसतं ‘कंटाळा आलाय’ म्हटल्यानं काही हलत नाही. ‘सर, रिफंडच्या रांगेत माझी पुन्हा उघडलेली तिकिटं दुप्पट झालीत. महिनाभर अर्धी शिफ्ट दुसरी रांग द्याल का?’ असं विचारावं. झोपच उडाली असेल, तर आधी डॉक्टर गाठावा.