पैसे कापले, तरी ऑर्डर ‘अनपेड’

ऑनलाइन दुकानात ग्राहकाचे पैसे पेमेंट गेटवेकडे जमा होतात. ते मिळाल्याचा निरोप गेटवे दुकानाच्या सर्व्हरला वेगळा पाठवतो; त्याला वेबहुक म्हणतात. हा निरोप पोचला नाही, तर खात्यातून रक्कम जाऊनही ऑर्डर ‘अनपेड’ राहते.

समजा, दुकानाचा पत्ता बदलून त्याला www जोडले, पण गेटवेकडे जुनाच पत्ता राहिला. ब्राउझर ग्राहकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेतो. अनेक गेटवे मात्र निरोप पुढे नेत नाहीत. त्यांच्या नोंदीत 200 ऐवजी 301 दिसतो. पत्ता सुधारून अडकलेले निरोप पुन्हा पाठवावेत. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंट क्रमांक तपासावा. ‘अनपेड’ ऑर्डर रद्द करण्यापूर्वी गेटवेकडे तिची स्थिती जरूर विचारावी.