खलनायक शेवटी सुधारतो, पण प्रेक्षकाला पटतं कधी?

करजण : मालिकेचा शेवटचा आठवडा आला की वर्षभर विष कालवणारी जाऊबाई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हात जोडते, सगळे तिला माफ करतात आणि पुढच्या सीनला पूजा. घरोघरी यावर एकच शेरा असतो, ‘ही इतक्यात कशी सुधारली?’ शंका रास्त आहे. मग पटणारा पश्चात्ताप कसा असतो?

उत्तरासाठी लांब जायला नको. मियागाम-करजणहून गाडीने तासाभराच्या आत येणाऱ्या बडोद्यात फेब्रुवारी 1919 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. गडकरी त्याआधीच, 23 जानेवारीला वारले होते.

नाटकातला नेहमीच्या अर्थाने दुष्ट माणूस म्हणजे तळीराम. सुधाकर वकिलाच्या हातात पहिला पेला तोच देतो. गडकरींनी त्याला सुधारलेलं नाही. मरणाच्या दारातही त्याचं लक्ष दारूवरच असतं, आणि प्रेक्षक हसतो. बरोबरच केलं म्हणायचं, कारण दारू हेच ज्याचं तत्त्वज्ञान, त्याला बदलायला आतून काही कारणच नाही.

सुधाकरचं तसं नाही. शेवटाकडे तोच घरातला खलनायक होतो. त्याच्या हातून पोटचं मूल जातं, आणि बायको सिंधू जखमी होऊन मरणपंथाला लागते. एवढं झाल्यावर त्याला आलेली जाग खरी का वाटते? माझ्या मते खरी मेख आधीच्या अंकांत आहे. सुधाकर एकदा सुधारायला निघालेला असतो. दारू सोडायची ठरवून तो ओळखीच्यांकडे काम मागत फिरतो, पण दारुड्याला उभं कोण करणार? अपमान गिळत परततो आणि पुन्हा पेला उचलतो. त्याचा तो पश्चात्तापही खोटा नव्हता, पण त्याच्या बदल्यात त्याला काहीतरी हवं होतं. नोकरी, गेलेली पत, लोकांनी पुन्हा जवळ करणं. ते मिळालं नाही, म्हणून निश्चय मोडला.

शेवटच्या जागेपणी मिळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मूल परत येणार नाही, सिंधूही वाचणार नाही. उलट मरता मरता ती पोलिसांना सांगते, जखम अपघाताने झाली. म्हणजे सुटकेची वाट त्याच्यापुढे उघडी असते. मालिकेतली जाऊबाई इथे लगेच माफी खिशात घालून घरी गेली असती. सुधाकर ती सूट वापरत नाही. दारूत विष कालवून तो शेवटचा पेला स्वतःच घेतो.

हा शेवट मात्र सगळ्यांनाच पटतो असं नाही. नवऱ्याला वाचवायला सिंधूने खोटं बोलावं, हे आजच्या बायकांना खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण मुद्दा सुधाकरचा आहे. सिंधूने माफ केलं म्हणून गडकरींनी त्याला सोडलं नाही.

हीच परीक्षा वाल्या कोळ्याच्या गोष्टीला लावून बघा. नारदाच्या उपदेशाने तो लगेच बदलत नाही. तो घरी जाऊन विचारतो, ‘माझ्या पापात वाटा घ्याल का?’ घरचे नाही म्हणतात. ज्यांच्यासाठी लुटलं, त्यांनीच हिशेब झिडकारला. त्याचा वाल्मीकी होतो तो त्यानंतर, आणि तोही अंगावर वारूळ चढेपर्यंत बसल्यावर.