बक्षीस नसलेली नायिका

पण लावलेल्या स्वयंवरात वधू हीच पैज असते. शिवधनुष्य उचलणारा किंवा मत्स्यवेध करणारा तिला जिंकतो. आजच्या प्रेमकथेत धनुष्य नसते, पण रचना पुष्कळदा तीच राहते. नायक परीक्षा, सामना किंवा खलनायक जिंकतो आणि शेवटच्या प्रकरणात नायिका त्याच्या पदरी पडते. अशा कथेत तिला चेहरा असतो, गोड स्वभाव असतो, कधी सडेतोड संवादही असतात. तरीही कथानक तिच्यामुळे कुठेच वळत नाही. ती नसती आणि तिच्या जागी वडिलोपार्जित वाडा जिंकायचा असता, तरी नायकाने केले असते तेच केले असते.

यावर उपाय म्हणून नायिकेला हल्ली धाडसी करण्याची रीत पडली आहे. ती मोटारसायकल चालवते, टवाळांना फटकावते. पण कौशल्य आणि ध्येय या वेगळ्या गोष्टी आहेत. तिला काय येते यापेक्षा तिला काय हवे आहे, आणि ते मिळवताना ती काय बिघडवते, यावर तिचे जिवंतपण ठरते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (2016) हा फरक स्पष्ट दिसतो. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. एवढ्यावर ती केवळ लक्षात राहणारी मुलगी ठरली असती. पण ट्रॅक्टर घेऊन ती परश्याच्या घरी जाते, म्हणजे ज्या उंबऱ्याशी पाटलाच्या मुलीचा संबंध येऊ नये असे गाव मानते, तिथे ती स्वतःच्या मर्जीने पोहोचते. पुढे परश्या आणि त्याच्या मित्रांविरुद्ध पोलीस ठाण्यात खोटी तक्रार तयार होते, तेव्हा ती तक्रार हाणून पाडणारी आर्चीच असते. पळून जाण्याच्या वेळी पिस्तूल तिच्याच हातात असते. कथेला पुढे नेणाऱ्या या जागांवर निर्णय तिचा आहे. तिला कोणी जिंकून नेत नाही.

तिच्यातले उणे मात्र उत्तरार्धात, हैदराबादच्या झोपडपट्टीत दिसू लागते. पूर्वार्धात जो रुबाब मोहक वाटतो, त्याच्या मुळाशी सत्ताधारी घरातले लाडाकोडाचे वाढणे आहे. हुकूम सोडायची सवय आहे, गैरसोयीची नाही. खोली, पाणी, घाण हे सगळे तिला असह्य होते आणि घरची आठवण तिला पोखरते. परश्याही इथे निर्दोष राहत नाही. तो संशय घेतो, तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते आणि गाडीत बसते. नंतर ती परत येते, पण ते परतणे नायकाला मिळालेले फळ नाही. जाण्याची वाट खरोखर मोकळी असताना तिने केलेली ती निवड आहे, आणि तिला वजन आहे ते त्यामुळेच.

दोष कसा निवडावा, हेही याच उदाहरणातून कळते. वेंधळेपणा, लटका राग, स्वयंपाक न येणे हे दोष लेखकांना आवडतात, कारण ते कोणालाच महागात पडत नाहीत. खरा दोष गुणाच्याच पोटातून येतो आणि कथेत किंमत मागतो. आर्चीचा निडरपणा आणि तिची असहनशीलता एकाच घरात घडलेली आहे. संसार स्थिरावल्यावर ती आईला फोन करते. त्यानंतर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात आणि दोघांचा खून करतात. माहेराची ओढ ही तिची दुखरी जागा आहे, गुन्हा नाही. गुन्हा करणारे दुसरेच आहेत. नायिकेच्या उणेपणातून घटना घडू द्याव्यात, पण तिच्यावर झालेल्या अन्यायाचे खापर तिच्या माथी फोडू नये. इथे हात जरा जड पडला, तर दोष देणे म्हणजे शिक्षा देणे होऊन बसते.

कथा लिहिताना हे कसे साधायचे, ते एका कल्पित आराखड्यावर पाहता येईल. गावातला तरुण पैलवान जिल्ह्याच्या कुस्तीची तयारी करतो आहे. त्याच्या वस्तादांची मुलगी सुमन त्याच्यावर प्रेम करते. पहिल्या खर्ड्यात ती त्याच्या दुखऱ्या खांद्याला हळद लावते आणि मैदानात त्याच्यासाठी हात जोडून उभी राहते. तो गदा जिंकतो, वस्ताद लग्नाला होकार देतात. सुमनला या कथेत काहीही करायचे नाही.

आता तिला एक इच्छा द्यावी. तिला मिरजेला जाऊन नर्सिंग शिकायचे आहे. एवढ्याने फारसे होत नाही, कारण ही इच्छा नायकाच्या वाटेत येत नाही. घरात पैसा एकाच गोष्टीपुरता आहे आणि वस्तादांनी तो पठ्ठ्याच्या खुराकासाठी, दूध, तूप नि बदामांसाठी, बाजूला ठेवला आहे, असे ठरवले की दोन इच्छा समोरासमोर येतात. नायकाचे यश आता तिच्या नुकसानीवर उभे आहे, आणि त्याला हे ठाऊकच नाही.

मग दोष. सुमन कोणाला विचारत नाही. आई गेल्यापासून घर तिने एकटीने ओढले आहे, म्हणून सर्वांच्या वतीने ठरवण्याची तिला सवय लागली आहे. ती ते पैसे उचलते आणि प्रवेशाची फी भरते. महिनाभर खुराक तुटतो, पैलवान सामन्यात धापा टाकतो आणि हरतो. आता त्या दोघांना एकमेकांशी बोलायला खरा विषय आहे. तिने चोरी केली हे खरे. तिचे शिक्षण कोणाच्या हिशेबातच नव्हते, हेही खरे. लग्न झाले तरी ते गदेबरोबर येणार नाही. आधी दोघांना एकमेकांचे नुकसान मान्य करावे लागेल.

अशा कथेत घसरण बहुधा शेवटच्या तिसऱ्या भागात होते. नायकाचा मोठा प्रसंग जवळ आला की लेखकाला नायिकेच्या ध्येयाचा विसर पडतो. नर्सिंग मागे राहते आणि सुमन पुन्हा मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहते. हे ओळखण्यासाठी खर्डा हातात घेऊन, तिच्या निर्णयाने पुढची घटना बदलते अशा जागांवर खूण करावी. सगळ्या खुणा पूर्वार्धात सापडल्या, तर ती उत्तरार्धात बक्षीस झालेली असते. तिचे संवादही वेगळे काढून वाचावेत. ते सगळे नायकाची विचारपूस, कौतुक किंवा काळजी यांचेच असतील, तर तिला स्वतःचा दिवस मिळालेला नाही.

निवेदनाची बाजूही महत्त्वाची असते. संपूर्ण कथा नायकाच्या नजरेतून असेल, तर नायिकेचे मन त्याला कळते तेवढेच वाचकाला कळते. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’त (1959) देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही निवेदक केले. त्यामुळे देवयानीचा अहंकार ययातीच्या तक्रारीपुरता उरत नाही, त्यामागची दुखावलेली बाई बोलू लागते. प्रत्येक कथेला अनेक निवेदक पेलत नाहीत. लघुकथेत तर ते सहसा जमत नाही. तिथे नायकाला चुकू द्यावे. सुमन गप्प आहे म्हणजे ती सामन्याच्या काळजीत आहे, असे पैलवान समजतो. वाचकाला मात्र तिच्या पिशवीतून डोकावणारी फीची पावती दिसलेली असते.