नवख्यांच्या ट्रेकिंग क्लबला नाव देताना

नोकरदारांसाठी ट्रेकिंग क्लब काढायचा ठरला की पहिला वाद नावावरून होतो. पुण्या-मुंबईकडच्या अशा क्लबांत बहुतेक सभासद आयुष्यात कधी गड न चढलेले असतात. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी डोंगरात जायचे, एवढीच त्यांची तयारी. काढणारी मंडळी मात्र मुरलेली भटकी असतात आणि त्यांना 'सुळका', 'कडा', 'गरुडझेप' अशी नावे आवडतात. त्यावर कोणीतरी म्हणते, नवखा माणूस हे वाचूनच पळून जाईल, आणि मग 'हिरवळ' किंवा 'निसर्गसहल' पुढे येते. ही दोन्ही टोके चुकीची आहेत.

'सुळका' या नावाकडे आधी कोण येईल? ज्यांनी अलंग-मदन-कुलंगचे दोरखंड हाताळले आहेत किंवा हरिहरच्या उभ्या पायऱ्या चढून झाल्या आहेत, असे लोक. पहिल्या दोन-तीन ट्रेकना त्यांचाच भरणा झाला की चालण्याचा वेग त्यांच्या पायांनी ठरतो. मागे राहिलेला नवखा धापा टाकत त्यांना गाठतो, तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते आणि ते निघतात. त्याला बसायलाच मिळत नाही. असा माणूस तक्रार करत नाही, पुढच्या वेळी येत नाही इतकेच. क्लब ज्यांच्यासाठी काढला तेच गळत गेले, तर खोट नावापासून सुरू झालेली असू शकते.

अतिसौम्य नावाचा धोका लवकर ध्यानात येत नाही, पण तो जास्त गंभीर आहे. 'सहल' शब्द ऐकून आलेला माणूस सपाट तळव्याच्या चपला घालून येतो, पाण्याची अर्धा लिटरची बाटली आणतो आणि पावसाळ्यात सुती जीन्स घालतो. शेवाळलेल्या कातळावर किंवा उतरणीच्या घसाऱ्यावर हीच तयारी महागात पडते. 'सुरक्षित' किंवा 'सेफ' हा शब्द तर नावात घालूच नये. डोंगरात पूर्ण हमी कोणालाच देता येत नाही, आणि हमी मिळाली असे समजून आलेला माणूस स्वतः पाहून पाऊल टाकणे सोडतो.

यातून सुटायचे तर साहस आणि सोपेपणा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दावर लादू नयेत. डोंगराची ओढ जागेच्या नावातून यावी, दिलासा चालीतून किंवा सोबतीतून यावा. पुण्यात 1982 साली स्थापन झालेल्या आणि 2012 मध्ये एव्हरेस्ट मोहीम यशस्वी करणाऱ्या 'गिरिप्रेमी'च्या नावात अशी जोडणी सापडते: अर्धा भाग डोंगराचा, अर्धा माणसाचा. मुलुंडच्या 'चक्रम हायकर्स'ने वेगळी वाट धरली. डोंगराचे वेड ज्यांना आधीच लागले आहे त्यांना ते नाव हाक मारते. ते आपल्या जागी उत्तम आहे, पण ज्याला अजून वेड लागायचे आहे, त्याच्यासाठी काढलेल्या क्लबला तो मार्ग उपयोगी नाही.

जागेचा शब्द निवडताना सह्याद्रीची स्वतःची बोली कामी येते, कारण तिच्यातल्या शब्दांनाच चढाईची श्रेणी चिकटलेली आहे. सुळका म्हटले की दोर आला. नाळ आणि घळ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली, पाण्याने कापलेली वाट. तिथे नवख्याला न्यायचे तर जपूनच. सोंड आणि दांड म्हणजे डोंगराचा उतरता कणा, दमवणारा पण बहुधा सरळ. पठार, पदर आणि माची हे थांबायला जागा देणारे शब्द.

समजा, हिंजवडीतल्या काही सहकाऱ्यांच्या क्लबला नाव हवे आहे. पहिल्या वर्षाच्या यादीत लोहगड, कोरीगड, तिकोना आणि शेवटी राजगड आहे. यादी आधी आणि नाव नंतर, हा क्रम महत्त्वाचा, कारण नाव या यादीपेक्षा अवघड वाटता कामा नये. या क्लबसाठी 'पहिली माची' हे नाव चांगले बसते. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. गुंजवण्याकडून चोर दरवाजाने किंवा पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी चढून माणूस माचीवर पोहोचतो तेव्हा मोठी चढण मागे पडलेली असते, बसायला सपाटी मिळते आणि बालेकिल्ला समोर वर दिसत असतो. बालेकिल्ल्याचा उभा चढ ज्याला झेपेल त्याने चढावा, बाकीच्यांनी माचीवर थांबावे, तरी गड पाहिल्यासारखा होतो. माची हा गडाचाच भाग असल्याने ऐकणाऱ्याला गड आठवतो, आणि 'पहिली' या शब्दाने सुरुवात करणाऱ्यालाही इथे जागा आहे हे कळते.

नोकरदारांचा उल्लेख नावात आणायची गरज नाही. 'प्रोफेशनल' किंवा 'कॉर्पोरेट' घातले की क्लब कचेरीची शाखा वाटू लागतो. ते काम नावाखालच्या ओळीने करावे: 'रविवारचे सोपे ट्रेक, रात्री घरी परत'. सोमवारी कामावर जायचे असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न परतीच्या वेळेचाच असतो. ही ओळ लिहिली की मग ती पाळावी लागते, म्हणजे शुक्रवारी कचेरी सुटल्यावर रात्रभर प्रवास करून पहाटे चढाई, असे बेत या क्लबला वर्ज्य.

नाव पक्के करण्याआधी ते कधीही ट्रेक न केलेल्या चार-पाच जणांना नुसते ऐकवावे, अर्थ सांगू नये. मग दोनच प्रश्न विचारावेत: पायात काय घालून याल, आणि किती तास चालावे लागेल असे वाटते? 'सँडल' आणि 'तासभर' अशी उत्तरे आली तर नाव फार मऊ आहे. 'मला जमणार नाही' आले तर फार कडक. 'बूट घालीन, अर्धा दिवस लागेल' असे बहुतेकांनी सांगितले की नाव ठीक बसले.

सभासदांत अमराठी सहकारीही असतील, म्हणून नाव रोमन अक्षरांतही लिहून पाहावे. 'कडा' हे Kada असे लिहिले की कोणी 'काढा' वाचतो. Machi वाचताना असा घोळ होत नाही, आणि तमिळ बोलणाऱ्याला तर त्यात मित्राला मारायची हाक ऐकू येते.

शेवटचा टप्पा नोंदणीचा. सोसायटी म्हणून नोंद करायची तर किमान सात सभासद लागतात, आणि आधी नोंदलेल्या संस्थेच्या नावाशी फार मिळतेजुळते नाव नाकारले जाते. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदीत प्रशिक्षण व क्रीडा उपक्रमांसाठी 41 आणि प्रवास-आयोजनासाठी 39 हे वर्ग तपासावेत. सारखे ऐकू येणारे नावही आडवे येते. नुसत्या 'सह्याद्री'वर मक्ता मिळवणे अवघड, कारण ते भूभागाचे नाव आहे. गडांवर प्रेम करणाऱ्यांच्या ओठी छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव सहज येते. पण 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत ते नाव आहे, आणि व्यापार-व्यवसायासाठी ते वापरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. शुल्क घेऊन ट्रेक नेणाऱ्या क्लबने याकडे काणाडोळा करू नये. ही सगळी तपासणी होईपर्यंत टी-शर्ट आणि फलक छापायला देऊ नयेत.