पाय रोवला, गुडघा वळला

कबड्डीत चढाई करणारा गडी गर्रकन वळतो, पाऊल मात्र मॅटवरच रोवलेलं राहतं आणि गुडघ्यात ‘कट’ असा आवाज येतो. बहुतेकदा तुटलेला असतो एसीएल. मांडीच्या हाडाच्या आतून तिरका खाली येत हा बंध नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला रुततो आणि नडगीला पुढे सरकू देत नाही. त्यातल्या रक्तवाहिन्याही फाटतात, म्हणून काही तासांतच गुडघा टम्म फुगतो.

सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकू लागला, तर संशय मेनिस्कसवर, म्हणजे दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गादीवर. आतल्या बाजूची गादी शेजारच्या एमसीएल बंधाला चिकटलेली. तिला सरकायला वाव कमी, म्हणून एकंदरीत तीच जास्त फाटते.

पीसीएलची तऱ्हा उलटी: वाकलेला गुडघा गाडीच्या डॅशबोर्डवर आपटला, नडगी मागे ढकलली गेली, की तो तुटतो.