तीन जानेवारीचा आठवडा कितवा?

३ जानेवारी २०२१ला रविवार होता. त्या दिवशीची विक्री वर्षाच्या कितव्या आठवड्यात धरायची? एक्सेलचं नेहमीचं WEEKNUM सूत्र सांगतं, दुसऱ्या. MySQL या डेटाबेसमधलं WEEK() सांगतं, पहिल्या. एक्सेलमधलंच ISOWEEKNUM मात्र ५३ हा आकडा देतं. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. प्रत्येकाचा नियम वेगळा आहे, एवढंच.

WEEKNUMच्या हिशेबात १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला, आणि नवा आठवडा रविवारी सुरू होतो. २०२१मध्ये १ जानेवारी शुक्रवारी आली, म्हणून पहिला आठवडा दोनच दिवसांत आटोपला. MySQL वर्षातल्या पहिल्या रविवारची वाट पाहतं आणि त्याआधीच्या दिवसांना शून्यावा आठवडा म्हणतं. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या वर्षात त्याचा गुरुवार पडतो, त्या वर्षाचा तो मानला जातो. २८ डिसेंबर २०२० ते ३ जानेवारी २०२१ या आठवड्याचा गुरुवार ३१ डिसेंबरला होता. त्यामुळे तो सगळा आठवडा २०२०चा ५३वा ठरला.

खरा घोटाळा इथून पुढे होतो. अहवाल करणारे बहुतेकदा आठवडा ISOWEEKNUMने काढतात आणि वर्ष मात्र साध्या YEARने. मग जानेवारीचे पहिले तीन दिवस ‘२०२१, आठवडा ५३’ या नावाने तक्त्याच्या अगदी तळाशी, अजून न आलेल्या डिसेंबरात जाऊन बसतात. इकडे २०२०च्या शेवटच्या आठवड्यात चारच दिवस उरतात आणि विक्री घसरल्यासारखी दिसते.

निदान ही चूक डोळ्यांत भरते तरी. २०२५च्या अखेरची चूक याहून वाईट आहे, कारण ती दिसतच नाही. २९ ते ३१ डिसेंबर २०२५ हे तीन दिवस आयएसओप्रमाणे २०२६च्या पहिल्या आठवड्यात येतात. त्यांना YEARने २०२५ जोडलं, की ती विक्री तब्बल वर्षभर आधीच्या पहिल्या आठवड्यात मिसळते आणि तो आठवडा निमूटपणे फुगतो.

उपाय सोपा आहे. वर्षही त्या आठवड्याच्या गुरुवारावरूनच काढायचं. तारीख A2मध्ये असेल तर:

```
=YEAR(A2-WEEKDAY(A2,2)+4)
```

याहून भक्कम मार्ग म्हणजे अहवालात आठवड्याच्या क्रमांकाशेजारी त्याच्या सोमवारची तारीखही छापणं. तारखेचा अर्थ कुठल्याही प्रणालीत बदलत नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीतल्या प्रत्येक आठवड्यात किती वेगवेगळ्या तारखा आहेत ते मोजून पाहावं. सातापेक्षा कमी किंवा जास्त निघाल्या, तर गफलत तिथेच आहे.

आयएसओच्या हिशेबात २०२६लाही ५३ आठवडे आहेत आणि १ ते ३ जानेवारी २०२७ हे दिवस त्यातल्या शेवटच्या आठवड्यात मोडतात. अहवालाची सूत्रं त्याआधीच या तीन तारखा घालून तपासून ठेवावीत.