दुसरं उत्तर उरता कामा नये

11 जून 1982 ची रात्र. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये, लग्न होऊन चारच महिने झालेली एक तरुणी झोपायला गेली आणि सकाळी मृतावस्थेत सापडली. शवविच्छेदन झालं, व्हिसेरा तपासणीला गेला आणि अहवाल आला: पोटॅशियम सायनाइड. नवरा केमिकल इंजिनिअर, धंदा रसायनांचा. माहेरच्या लोकांनी तिची पत्रं पोलिसांपुढे ठेवली. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या त्या पत्रांमधून सासरी होणारी घुसमट, नवऱ्याची बेपर्वाई आणि मनातली भीती दिसत होती. विष पाजताना मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

पुण्याच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला खुनाबद्दल फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. आणि 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी त्याला निर्दोष सोडलं. ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा देणारा किंवा ती रद्द करणारा भारतातला जवळजवळ प्रत्येक निकाल आजही याचा आधार घेतो. त्यातल्या पाच कसोट्यांना न्यायमूर्ती फजल अली यांनी ‘पंचशील’ म्हटलं होतं. विधी शाखेचे विद्यार्थी त्या पाठ करतात आणि परीक्षेत ओळीनं उतरवून काढतात. पण ज्या खटल्यातून त्या निघाल्या, तो वाचल्याशिवाय त्यांचा अर्थ हाती लागत नाही.

वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की इतकं सगळं नवऱ्याकडे बोट दाखवत असताना तो सुटला कसा? उच्च न्यायालयानं त्याच्याविरुद्ध तब्बल 17 परिस्थिती मोजल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं त्या एकेक करून हातात घेतल्या, आणि हा आकडाच आधी ढासळला. काही परिस्थिती म्हणजे एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडलेली होती. काहींचा मृत्यूशी थेट संबंध नव्हता. आणि काही बाबी आरोपीला कधी विचारल्याच गेल्या नव्हत्या. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313 प्रमाणे, आरोपीविरुद्ध जी जी गोष्ट पुराव्यात आली आहे ती त्याच्यासमोर ठेवून ‘यावर तुमचं म्हणणं काय?’ असं न्यायाधीशानं विचारावं लागतं. आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 मध्ये आहे. सारडा खटल्यात जे विचारलं नव्हतं ते न्यायालयानं बाजूला काढलं. हे पाहून पुष्कळांना तांत्रिक पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही. त्या गोष्टीचं साधं, निर्दोष स्पष्टीकरण असेल, तर ते देण्याची संधीच आरोपीला मिळालेली नसते.

इतकी छाटणी झाल्यावर जे उरलं, त्याचं वजन कसं करायचं? विषप्रयोगाच्या खटल्यासाठी निकालानं चार गोष्टी सांगितल्या. विष देण्यामागे स्पष्ट हेतू असावा. मृत्यू त्याच विषानं झालेला असावा. ते विष आरोपीच्या ताब्यात असावं. आणि ते देण्याची संधी त्याला मिळालेली असावी. सायनाइडनं मृत्यू झाला, याबद्दल वाद नव्हता. एका घरात राहणाऱ्या नवऱ्याला संधी असते, हेही मान्य करता येईल. गाडी अडली ती तिसऱ्या गोष्टीवर. नवऱ्याकडे सायनाइड होतं, असं दाखवणारा पुरावा सरकार पक्षाकडे नव्हता. तो रसायनांच्या धंद्यात होता, म्हणजे त्याला ते मिळू शकलं असतं, एवढंच म्हणता येत होतं. ‘मिळू शकलं असतं’ आणि ‘त्याच्याकडे होतं’ यांमधलं अंतर पुराव्यानंच भरावं लागतं. अंदाजानं ते भरलं, तर साखळीची एक कडी न्यायाधीशानं स्वतः घडवली असं होतं. पहिली कसोटी हेच सांगते: ज्यावरून निष्कर्ष काढायचा ती परिस्थिती आधी पूर्णपणे सिद्ध झालेली असली पाहिजे. 1973 साली महाराष्ट्रातल्याच शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे अंतर स्पष्ट केलं होतं, आणि सारडा निकालानं त्याचाच आधार घेतला.

आता पत्रं घेऊ. सरकार पक्षाला ती छळाचा आणि म्हणून हेतूचा पुरावा वाटत होती. फजल अली यांनी तीच पत्रं वाचली, तेव्हा त्यांना एक संवेदनशील, एकाकी, खचत चाललेली मुलगी दिसली. असं मन स्वतःच विष घेण्याकडे वळू शकतं. याचा अर्थ तिनं आत्महत्या केली असं न्यायालयानं ठरवलं, असा नाही. त्यांचा मुद्दा इतकाच होता की हीच पत्रं खुनाच्या कथेत जितकी चपखल बसतात, तितकीच आत्महत्येच्या कथेतही बसतात. मग खून की आत्महत्या, हे त्यांच्या आधारे ठरवायचं कसं? एकच वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडत असेल, तर निर्णय करताना तिचं वजन जवळजवळ शून्य असतं. ती पत्रं पुरावा म्हणून मुळात ग्राह्य आहेत का, यावर न्यायमूर्तींमध्ये मतभेद होते. ती धरून चाललं तरी आत्महत्येची शक्यता पुसली जात नाही, हे फजल अली यांचं विवेचन पुरेसं ठरलं.

इथे विद्यार्थी हमखास एक घोटाळा करतात. प्रत्येक परिस्थिती एकटीच आरोपीचा दोष सिद्ध करणारी असली पाहिजे, अशी समजूत करून घेतात. तसं असतं तर परिस्थितीजन्य पुराव्यावर कुणालाच शिक्षा झाली नसती. ‘शेवटी मृताबरोबर आरोपी दिसला’ ही एकटी गोष्ट नेहमीच निर्दोष असू शकते. प्रत्येक कडी सिद्ध झालेली हवी, ही एक अट झाली. सगळ्या कड्या एकत्र धरल्यावर आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये, ही दुसरी अट. ती एकेका कडीला लावायची नसून अख्ख्या साखळीला लावायची असते.

‘वाजवी’ हा शब्दही सोडून चालणार नाही. कल्पनेच्या जोरावर कुठल्याही मृत्यूचं दुसरं कारण सांगता येतं. कुणी अनोळखी माणूस रात्री गच्चीवरून उतरला असेल, असं कुणी म्हटलं म्हणून खटला कोसळत नाही. पाचवी कसोटी मानवी संभाव्यतेची भाषा वापरते, गणिती खात्रीची नाही. पर्यायी स्पष्टीकरणाला पुराव्यात कुठेतरी पाय टेकवायला जागा हवी. सारडा खटल्यात ती जागा पत्रांत होती, म्हणून ते स्पष्टीकरण हवेतलं नव्हतं.

याच कसोटीला दुसरा एक खटला उतरला. तोही महाराष्ट्रातला आहे, 2006 सालचा त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तिथेही पत्नी सासरी मेली होती, तिथेही कुणी पाहिलेलं नव्हतं, तिथेही छळाचा आरोप होता. नवऱ्याकडून कारण सांगण्यात आलं की तिला साप चावला. शवविच्छेदनात मात्र मृत्यू गळा दाबला गेल्यानं श्वास कोंडून झाल्याचं निघालं. सर्पदंशाची गोष्ट तिथेच संपली. आत्महत्या म्हणावी, तर कुणी स्वतःचा गळा हातांनी आवळून मरू शकत नाही. शुद्ध हरपली की पकड सुटते आणि श्वास पुन्हा सुरू होतो. अपघात, आजार, आत्महत्या ही एकेक पर्यायी उत्तरं कुणाच्या मतानं नव्हे, तर शरीरावरच्या खुणांनी बंद झाली. नवऱ्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली.

दोन्ही खटले समोरासमोर ठेवले की फरक उघड होतो. सायनाइड स्वतःही घेता येतं आणि दुसऱ्यालाही देता येतं, आणि मृत शरीर त्यातलं कोणतं घडलं हे सहसा सांगत नाही. दाबलेला गळा दुसऱ्या माणसाचे हात तिथे होते हे सांगतो. एका खटल्यात वैद्यकीय पुराव्यानं निर्दोष स्पष्टीकरणाचा दरवाजा लावला, दुसऱ्यात तो उघडाच राहिला.

त्रिमुख किरकन निकालात न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली. घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडला, तर सरकार पक्षाकडून तितक्याच काटेकोर पुराव्याची अपेक्षा करता येत नाही. त्या वेळी घरात असलेल्यांनी पटेल असं स्पष्टीकरण द्यावं, आणि ते न देणं किंवा खोटं देणं हीसुद्धा साखळीतली एक कडी ठरते. याचा आधार पुरावा कायद्याचं कलम 106, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 109 आहे. जी गोष्ट फक्त आरोपीलाच माहीत आहे, ती त्यानं सांगावी.

खालच्या न्यायालयांमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, असं मला वाटतं. नवरा घरात होता, त्यानं समाधानकारक उत्तर दिलं नाही, म्हणून दोषी, असा सोपा हिशेब मांडला जातो. हा धोका जुना आहे. 1956 साली शंभूनाथ मेहरा खटल्यात प्रवासभत्त्याची खोटी बिलं लावल्याचा आरोप असलेल्या एका कारकुनावर हेच कलम लादण्याचा प्रयत्न झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. मूळ गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाचीच राहते. सारडा निकालही हेच सांगतो: आरोपीचा बचाव खोटा ठरला, तर ती गोष्ट जादा कडी म्हणून जोडता येते, पण बाकीच्या कड्या आधी जुळलेल्या असतील तरच. माणूस खोटं का बोलतो? कधी भीतीनं, कधी अब्रूसाठी, कधी बायकोला त्रास दिला होता हे लपवण्यासाठी. त्यानं खून केला हे त्या अनेक कारणांमधलं एक कारण आहे, एकमेव नाही.

1952 सालच्या हनुमंत नरगुंदकर खटल्यात न्यायमूर्ती महाजन यांनी एका इंग्रज न्यायाधीशाचा जुना इशारा उद्धृत केला होता. रॉबर्ट हॉजवरच्या 1838 सालच्या खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती ॲल्डर्सन यांनी ज्युरीला सांगितलं होतं की सुट्या गोष्टी एकमेकांत बसवण्यात मनाला आनंद होतो, आणि गरज पडली तर त्या थोड्या ताणल्याही जातात. मजा अशी की हनुमंत खटला खुनाचा नव्हताच, तो दारूच्या कंत्राटाशी निगडित बनावट कागदपत्रांचा होता. तरीही कसोटीचे शब्द तिथूनच पुढे खुनाच्या खटल्यांमध्ये गेले.

सारडा खटल्यातल्या तरुणीच्या मृत्यूचं उत्तर मग काय? न्यायालयानं संशयाचा फायदा दिला, आत्महत्येचा निर्वाळा दिला नाही. तिचा छळ झाला असला, तर त्याबद्दल वेगळी शिक्षा देणारं कलम त्या रात्री दंडसंहितेत नव्हतं. पतीच्या क्रूरतेचं कलम 498अ आलं 1983 च्या अखेरीस, आणि त्याच दुरुस्तीनं लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली आणि क्रूरता सिद्ध झाली, तर न्यायालयाला प्रवृत्त केल्याचं गृहीत धरण्याची मुभा दिली. हुंडाबळीचं कलम 304ब आलं 1986 मध्ये. आता हे दोन गुन्हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 80 मध्ये आहेत. म्हणून अशा खटल्यात आज वकील खुनाबरोबरच हे आरोपही ठेवतात. आत्महत्येची शक्यता उरल्यानं खुनाचा आरोप टिकला नाही, तरी ती शक्यता आरोपीला छळाच्या आरोपातून सोडवत नाही.